बरबटलेल्या हातांचा हिशेब

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आजच्या विषयाचे नाव संयोजकांनी ‘राजकारण आणि नैतिकता’ असे ठेवले आहे. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेणार आहे. मोठा अन्याय टाळण्यासाठी नेत्याला एखादा लहान अन्याय जाणूनबुजून करावा लागतो, अशी वेळ येते का? आणि आलीच, तर त्या लहान अन्यायाचे पुढे काय होते?

आपल्याला हा प्रश्न ‘नरो वा कुंजरो वा’ या शब्दांतून लहानपणीच भेटतो. द्रोणाला थांबवल्याशिवाय पांडवांचे सैन्य वाचत नव्हते. मुलगा मेला असे कळल्याशिवाय द्रोण शस्त्र खाली ठेवणार नव्हता. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि कधी खोटे न बोलणाऱ्या युधिष्ठिराने अर्धे खोटे सांगितले. जमिनीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. पुढे त्याला नरकही पाहावा लागला. महाभारतकार युधिष्ठिराला ‘तू खोटे बोलायला नको होतेस’ असे सरळ म्हणत नाही, पण त्याला सोडूनही देत नाही. ते खोटे त्याच्या नावावर राहते.

अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७३ साली ‘बरबटलेले हात’ याच विषयावर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा हाच आहे. काही वेळा नेत्याने केलेली गोष्ट त्या परिस्थितीत योग्य असते आणि तरीही ती कुणावर तरी केलेला अन्याय असते. दोन्ही एकाच वेळी खरे असते. ‘परिणाम चांगला झाला, म्हणजे अन्याय झालाच नाही’ असे म्हणणारा नेता हात झटकतो. ‘माझे हात स्वच्छ राहिले पाहिजेत, बाकी लोकांचे काय व्हायचे ते होवो’ म्हणणारा नेता लोकांना सोडून देतो. वॉल्झर म्हणतात, आपल्याला असा माणूस हवा की जो ते कृत्य करेल आणि आपण अन्याय केला हे जाणून राहील.

इथवर सगळे नेत्याच्या मनाबद्दल झाले. मला मात्र आज त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे, ज्याच्यावर तो अन्याय होतो. नेत्याला रात्री झोप लागते की नाही हे आपल्याला कळायला मार्ग नाही. पण ज्यांच्या पदरातून किंमत मोजली गेली, त्यांचे नंतर काय झाले हे पाहता येते, मोजता येते. त्यासाठी मी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घेते.

माफीचा करार

फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले आणि वर्णभेदी सरकारशी वाटाघाटी सुरू झाल्या. आपल्याकडे पुष्कळदा अशी समजूत असते की त्यानंतर सारे शांततेने पार पडले. प्रत्यक्षात १९९० ते १९९४ या चार वर्षांत तिथे राजकीय हिंसाचारात सुमारे १४ हजार माणसे मेली. एप्रिल १९९३ मध्ये ख्रिस हानी या लोकप्रिय नेत्याचा खून झाला, तेव्हा देश यादवीच्या काठावर उभा होता. सैन्य आणि पोलीस जुन्याच अधिकाऱ्यांच्या ताब्यात होते. निवडणूक व्हायची तर तिला संरक्षण त्याच माणसांनी द्यायचे होते, आणि ‘सत्तांतर झाले की आम्हाला फासावर चढवणार असाल तर आम्ही ते होऊ का द्यावे?’ हा त्यांचा प्रश्न होता.

१९९३ च्या अखेरीस अंतरिम राज्यघटनेच्या अगदी शेवटी एक उतारा जोडला गेला. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांना माफी दिली जाईल, असे त्यात म्हटले होते. एप्रिल १९९४ मध्ये निवडणूक झाली, मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग स्थापन झाला आणि त्या माफीला अटी लागल्या. माफी सरसकट मिळणार नव्हती. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, कोणते कृत्य केले ते सांगायचे, कृत्य राजकीय हेतूने झाले हे दाखवायचे आणि सगळे खरे, काहीही न लपवता सांगायचे. गंभीर गुन्ह्यांची सुनावणी उघड व्हायची. पश्चात्ताप दाखवण्याची, क्षमा मागण्याची अट मात्र नव्हती. कायद्याला फक्त सत्य हवे होते.

या माफीचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याला माफी मिळाली त्याच्यावर खुनाचा खटला चालणार नाही. शिवाय मृताच्या बायकोला, मुलांना त्याच्यावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येणार नाही, आणि त्या कृत्याबद्दल सरकारवरही लावता येणार नाही. सरकारने म्हटले, भरपाईचे आम्ही नंतर वेगळे पाहू.

स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीमुळे मरण पावले. ग्रिफिथ्स म्क्सेंगे या वकिलाला १९८१ मध्ये भोसकून मारले. या घरांतील माणसे घटना न्यायालयात गेली. आमचा न्याय मागण्याचा हक्क तुम्ही आम्हाला न विचारता कसा देऊन टाकला, असे त्यांनी विचारले. जुलै १९९६ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. पण न्यायमूर्ती इस्माईल महोमेद यांनी तो देताना या कुटुंबांची वेदना लहान केली नाही. मूलभूत हक्कांवर हा घाला आहे हे त्यांनी मान्य केले, आणि या करारावाचून राज्यघटनेपर्यंतचा पूल बांधला गेला नसता असेही सांगितले. म्हणजे न्यायालयाच्या भाषेतही तेच दोन्ही एकदम होते. करार आवश्यक होता आणि अन्याय झाला होता.

मैत्रिणींनो, मी स्वतः या करारावर सही केली असती का, असे मला विचाराल तर बहुधा केली असती. आणखी १४ हजार माणसे मरू द्या, पण बिकोंच्या मारेकऱ्यांना तुरुंगात घाला, असे मला म्हणवले नसते. पण सही करताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसायला हवी होती. हे दान मी माझ्या खिशातून देत नव्हते. म्क्सेंगे यांच्या भावाचा हक्क देऊन टाकण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तो उसना घेत होते, आणि उसने घेतलेले फेडायचे असते.

नोकुथुलाची गोष्ट

ते फेडले गेले का, हे आता एका घराच्या हकिगतीतून पाहू.

नोकुथुला सिमेलाने ही स्वाझीलँडच्या विद्यापीठात शिकलेली २३ वर्षांची तरुणी. बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेसाठी ती सीमेपलीकडून निरोपांची ने-आण करी. सप्टेंबर १९८३ मध्ये जोहान्सबर्गच्या कार्लटन सेंटर या मोठ्या इमारतीत तिला फसवून भेटीला बोलावले आणि साध्या वेशातल्या पोलिसांनी पळवून नेले. काही आठवडे तिचा छळ झाला. त्यानंतर ती कुणालाही दिसली नाही. तिचा देह आजतागायत घरच्यांना मिळालेला नाही.

आयोगापुढे पोलिसांनी माफीसाठी अर्ज केले ते तिला पळवून नेल्याबद्दल आणि छळाबद्दल. खुनाबद्दल कुणीच अर्ज केला नाही. तिला आम्ही फितवले आणि आमची हेर म्हणून परत सीमेपलीकडे सोडले, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. त्यांच्याच हाताखालच्या काळ्या पोलिसांनी मात्र किती भयंकर छळ झाला ते सांगितले. २००१ मध्ये अपहरणाची माफी मिळाली. छळाच्या बाबतीत तिघे वरिष्ठ खोटे बोलले म्हणून त्यांना ती नाकारली गेली.

इथे कराराचा दुसरा अर्धा भाग लागू व्हायला हवा होता. करार असा होता की खरे सांगेल तो सुटेल आणि जो सांगणार नाही, खोटे सांगेल किंवा अर्जच करणार नाही, त्याच्यावर खटला भरला जाईल. त्या देवघेवीतच माफीचे समर्थन होते. सात हजारांवर अर्ज आले होते आणि त्यांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली. पुढे खटले भरण्याजोगी सुमारे ३०० प्रकरणे आयोगाने राष्ट्रीय अभियोग यंत्रणेकडे सोपवली. त्यांपैकी अगदी मोजकीच न्यायालयापर्यंत पोहोचली.

उलट २००५ मध्ये अभियोगाच्या धोरणात दुरुस्ती झाली. आयोगाचे काम संपले होते, माफीची मुदत संपली होती. तरी आरोपीने अभियोग यंत्रणेपुढे माहिती दिली तर आयोगाच्या माफीसारख्याच निकषांवर खटला न भरण्याचा निर्णय घेता येईल, अशी ही दुरुस्ती होती. यावेळी उघड सुनावणी नव्हती आणि आयोगही नव्हता. मागच्या दाराने दिलेली ही दुसरी माफी होती.

तिला आव्हान दिले ते कुणी? नोकुथुलाची बहीण थेंबिसिले न्काडिमेंग हिने, आणि तिच्याबरोबर क्रॅडॉक गावच्या चार विधवांनी. या चौघींचे नवरे, मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्खोंतो आणि सिसेलो म्हलाउली, १९८५ च्या जूनमध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून मारले होते. डिसेंबर २००८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले. पाच बायकांनी देशाला त्याच्या कराराची आठवण करून दिली.

तरीही खटला उभा राहिला नाही. २०१५ मध्ये बहीण पुन्हा न्यायालयात गेली. अभियोग यंत्रणेचे माजी प्रमुख वुसी पिकोली यांनी तेव्हा शपथपत्रावर सांगितले की आयोगाकडून आलेली ही प्रकरणे चालवू नयेत म्हणून वरून दबाव होता. २०१६ मध्ये चार माजी पोलिसांवर नोकुथुलाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. तोपर्यंत ३३ वर्षे उलटली होती, आणि पुढेही तारखांवर तारखा पडत राहिल्या. क्रॅडॉकच्या प्रकरणात १९९९ मध्ये ज्या सहा पोलिसांना माफी नाकारली, ते खटल्याविनाच मरून गेले. चौघांच्या मृत्यूची चौकशी न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये नव्याने सुरू केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांना, हे खटले कुणी आणि का अडवले, यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. तोही या कुटुंबांनी सरकारला न्यायालयात खेचल्यावर.

भरपाईचे काय झाले तेही सांगते. माफी मिळालेला माणूस त्याच दिवशी मोकळा होत होता. भरपाईबाबत आयोगाला फक्त शिफारस करता येत होती. आयोगाने १९९८ मध्ये सुचवले की प्रत्येक पीडिताला सहा वर्षे, दरवर्षी सुमारे २० हजार रँड द्यावेत. सरकारने २००३ मध्ये ठरवले की एकदाच ३० हजार द्यायचे. घेणाऱ्याला लगेच मिळाले आणि देणाऱ्याला पाच वर्षे थांबून चौथा हिस्सा.

दोन अन्यायांतला फरक

आता १९९३ आणि २००५ शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वेळी सत्तेने गुन्हेगाराला सोडले. दोन्ही वेळी ‘राष्ट्राच्या हितासाठी’ हेच शब्द वापरले गेले. शब्दांवरून फरक कळणार नाही.

पहिल्या वेळी समोर खरोखर मोठा धोका होता आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता. निर्णय कायदा म्हणून उघड झाला, त्यावर न्यायालयात वाद घालता आला. माफीला मुदत होती आणि तिच्या बदल्यात काहीतरी, म्हणजे सत्य, मिळत होते. सुनावणीला मृताची बायको समोर बसून प्रश्न विचारू शकत होती. मुख्य म्हणजे अन्याय होतो आहे हे सांगितले जात होते.

दुसऱ्या वेळी लोकशाही स्थिर होऊन ११ वर्षे झाली होती. यादवीची भीती उरली नव्हती. मग हे खटले कुणाला नको होते? जुन्या राजवटीतल्या लोकांना नको होतेच. पण चळवळीच्या काळातली स्वतःची कृत्ये पुन्हा उकरली जातील, ही धास्ती सत्ताधारी पक्षातही होती असे तिथले अभ्यासक सांगतात. म्हणजे आता टाळायचा होता तो देशावरचा अनर्थ नव्हे, तर नेत्यांची अडचण. किंमत मात्र पुन्हा त्याच पाच बायकांनी मोजायची होती. पहिला निर्णय बरबटलेल्या हातांचा होता. दुसऱ्याने पहिल्याचे नाव उसने घेतले होते.

एक गोष्ट स्त्रियांच्या बाजूने सांगायलाच हवी. किंमत कुणी मोजली हे ठरवण्यासाठी आधी कुणाचे काय गेले ते मोजले जावे लागते. आयोगाच्या कायद्यात खून, अपहरण, छळ आणि गंभीर दुर्वर्तन हे शब्द होते. बलात्कार हा शब्द वेगळा नव्हता, तो ‘गंभीर दुर्वर्तना’त बसवावा लागला. पहिल्या सुनावण्यांना बायका मोठ्या संख्येने आल्या, पण नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल बोलल्या. स्वतःवर काय गुजरले ते कुणी सांगेना. बेथ गोल्डब्लाट आणि शीला माइन्चेस या दोन अभ्यासकांनी हे आयोगाच्या नजरेला आणून दिल्यावर १९९६-९७ मध्ये स्त्रियांसाठी खास सुनावण्या झाल्या. तिथे पोलिसांच्या कोठडीतले अत्याचार बाहेर आले, आणि आपल्याच चळवळीतल्या पुरुषांनी केलेलेही. ‘लढ्याला बाधा येईल’ म्हणून त्या इतकी वर्षे गप्प राहिल्या होत्या. सत्तेत येण्याच्या कितीतरी आधी चळवळीने ही माफी देऊन टाकली होती, आणि तिला ना कायदा होता ना मुदत.

आपल्या घरातले

हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे, म्हणून हा विषय मी घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही जमिनीच्या एका आंदोलनात होतो. एका तरुण कार्यकर्तीने आम्हा तिघी-चौघींना सांगितले की आंदोलनातला एक ज्येष्ठ कार्यकर्ता तिला त्रास देतो, दौऱ्यात अंगचटीला येतो. आठ दिवसांवर कलेक्टर कचेरीत वाटाघाटी होत्या आणि कागदपत्रांचे सगळे काम त्या माणसाच्या हातात होते. बैठकीत आम्ही ठरवले की वाटाघाटी होईपर्यंत थांबायचे. तिला मीच सांगितले, ‘जरा दम धर, हे पार पडू दे.’ तिने धरला. वाटाघाटी बऱ्या झाल्या, काही कुटुंबांना जमीन मिळाली. त्यांची नावे मी आजही सांगू शकते.

तिच्या तक्रारीकडे मात्र आम्ही परत वळलो नाही. वाटाघाटींनंतर मोजणी आली, मोजणीनंतर निवडणूक आली. थांबण्याला आम्ही तारीख घातली नव्हती. कुणी पाठपुरावा करायचा हे ठरले नव्हते. वहीत नोंद नव्हती. सहा महिन्यांनी ती यायची बंद झाली, तेव्हा आम्ही म्हटले, लग्न ठरले असेल.

हे भाषण करण्याआधी मी तिला भेटायला गेले. नाव न घेता सांगू का, असे विचारले. ती म्हणाली, ‘सांगा की ताई. तुम्ही थांब म्हणालात त्याचा मला राग नव्हता. मलाही ती जमीन मिळायला हवी होती. नंतर कुणी विचारलंच नाही, त्याचा होता.’

माझ्या मते आजच्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले आहे. ते थांबणे योग्य होते की नव्हते, यावर आपण अजूनही भांडू शकतो. मला स्वतःला आता वाटते की त्या माणसाचे काम दुसऱ्या कुणाकडे देता आले असते. आम्ही दुसरा रस्ता पुरेसा शोधलाच नाही. पण नंतरच्या सहा महिन्यांबद्दल वाद नाही. त्या काळात वाटाघाटींचे कारण उरलेले नव्हते. तिथे आमच्याकडून झाला तो साधा अन्याय होता, आणि त्याला आम्ही मोठ्या कारणाचे पांघरूण घातले होते.

म्हणून कुणी नेता, मग तो मंत्रालयातला असो की आपल्या बैठकीतला, ‘नाइलाजाने करावे लागले’ म्हणाला, तर त्याचा चेहरा वाचत बसू नका. त्याला चार गोष्टी विचारा. हे कुणाच्या पदरातून दिले, त्यांची नावे काय? त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगितले का? हे कोणत्या तारखेपर्यंत? आणि त्या तारखेनंतर फेडायचे कुणी? नाइलाज खरा असेल तर उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात. आमच्याकडे चारांपैकी एकही नव्हते.

आमच्या संघटनेच्या वहीत मी गेल्या महिन्यात ती नोंद केली आहे. तिच्या परवानगीने, तारखेसह, आणि त्या बैठकीला कोण कोण हजर होते त्यांच्या नावांसह. माझे नाव पहिले आहे. पुढच्या बैठकीत तो विषय क्रमांक एक आहे.